ते वाक्य कुठे आहे?

‘एकूण ५१२ मुलींची तपासणी करण्यात आली. त्यांपैकी २९७ म्हणजे ५८ टक्के मुलींना ॲनिमिया आढळला.’

एमडीच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी प्रबंधावरून तयार केलेला लेख घेऊन माझ्याकडे येते, तेव्हा निष्कर्षांचा भाग बहुतेक वेळा अशाच वाक्याने सुरू होतो. लेख दोन दिवसांत जर्नलला पाठवायचा असतो. जर्नलने मागितलेली ‘स्ट्रोब’ची तपासयादीही सोबत जोडलेली असते. यादीत बावीस मुद्दे असतात आणि प्रत्येक मुद्द्यापुढे ती माहिती लेखात कोणत्या पानावर आहे ते लिहायचं असतं. सगळे रकाने भरलेले दिसतात. तेराव्या मुद्द्यापुढे लिहिलेलं असतं, ‘पान ५’. हा तेरावा मुद्दा विचारतो की पात्र किती जण होते, प्रत्यक्ष सामील किती झाले, शेवटच्या हिशेबात किती धरले आणि मधल्या प्रत्येक टप्प्यावर गळालेले कोणत्या कारणाने गळाले. मी पान ५ उघडते. तिथे ५१२ हा एकच आकडा असतो.

मग मी तिला विचारते, ‘‘ते वाक्य कुठे आहे?’’

मी जनऔषध वैद्यकशास्त्र शिकवते. आमच्याकडचं संशोधन गावांत, शाळांत, उपकेंद्रांत होतं आणि ते लिहून काढायला शिकवणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. इथे मी ज्या लेखाबद्दल सांगणार आहे तो एका मुलीचा नाही. दरवर्षी हातात येणाऱ्या लेखांवरून मी तो जुळवला आहे आणि त्यातले आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत. चुका मात्र मी पुन्हा पुन्हा पाहिलेल्या आहेत.

आधी या याद्या आल्या कुठून ते थोडक्यात सांगते. डग्लस ऑल्टमन हे ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ. वैद्यकीय संशोधन किती निष्काळजीपणे केलं जातं आणि लिहिलं जातं, यावर त्यांनी १९९४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये फार परखड शब्दांत लिहिलं होतं. १९९६ मध्ये ‘कन्सॉर्ट’ आली. औषध किंवा उपचार कुणाला द्यायचा आणि कुणाला नाही हे चिठ्ठी टाकल्यासारखं नशिबावर सोडून ज्या चाचण्या केल्या जातात, त्यांच्या लेखांसाठी ही यादी आहे. तिच्या २००१ आणि २०१० मध्ये सुधारित आवृत्त्या निघाल्या. ताजी आवृत्ती २०२५ ची असून तिच्यात तीस मुद्दे आहेत. ज्या अभ्यासात संशोधक स्वतः काही देत नाही, जे आहे ते नुसतं मोजतो, त्यासाठी २००७ मध्ये ‘स्ट्रोब’ आली. आमच्या विभागातले बहुतेक प्रबंध या दुसऱ्या प्रकारात मोडतात. म्हणून मी स्ट्रोबवर जास्त बोलणार आहे.

स्ट्रोबचा पहिलाच मुद्दा साधा आहे. अभ्यास कोणत्या प्रकारचा आहे ते शीर्षकात किंवा सारांशात नेहमीच्या शब्दांत सांगा. विद्यार्थिनीच्या लेखाचं शीर्षक होतं, ‘किशोरवयीन मुलींमधील ॲनिमिया: एक अभ्यास’. आत पद्धतीच्या भागात तिने ‘केस-कंट्रोल’ लिहिलं होतं, कारण पुढे तिने ॲनिमिया असलेल्या आणि नसलेल्या मुलींची तुलना केली होती. पण केस-कंट्रोल अभ्यासात आजारी माणसं आणि त्यांच्याशी ताडून पाहायची निरोगी माणसं सुरुवातीलाच वेगवेगळी निवडतात. हिने शाळेत जाऊन समोर आलेल्या सगळ्या मुलींचं रक्त तपासलं आणि ॲनिमिया कुणाला आहे ते नंतर कळलं. हा क्रॉस-सेक्शनल अभ्यास झाला. एका वेळी सगळ्यांचं चित्र टिपायचं, एवढंच त्यात असतं. नावाची ही चूक क्षुल्लक नाही. स्ट्रोबमधले चार मुद्दे अभ्यासाच्या प्रकारानुसार बदलतात, त्यामुळे नाव चुकलं की पुढे यादीही चुकीच्या रकान्यातून भरली जाते.

आता तेराव्या मुद्द्याकडे येऊ. माझ्या मते सगळ्यात जास्त सत्य याच मुद्द्यातून बाहेर येतं.

तिने लॅपटॉपवरचा तक्ता उघडला तर त्यात ५१२ ओळी होत्या, एकही जास्त नाही. मी तिला तक्ता बंद करून पिशवीतली वही काढायला सांगितलं. शाळेत गेल्या दिवशी हजेरीपटावरून उतरवलेली नावं, पालकांच्या संमतीपत्रांचे गठ्ठे, रक्ताच्या नळ्यांची नोंद, सगळं टेबलावर मांडलं. दोन तास बसून आम्ही मोजणी केली. सहा शाळांच्या पटावर योग्य वयाच्या ६४० मुली होत्या. तपासणीच्या दिवशी ५२ गैरहजर होत्या. ३८ जणींच्या घरून संमती आली नव्हती. उरल्या ५५०. त्यांपैकी १४ जणींचं रक्त नळीत गोठलं, म्हणून हिमोग्लोबिन मोजता आलं नाही. राहिल्या ५३६. यातल्या २४ जणींचा आहाराचा फॉर्म अपुरा होता, म्हणून तिने त्यांच्या ओळी तक्त्यातून काढून टाकल्या होत्या. शेवटी उरल्या त्या ५१२.

ही उतरंड कागदावर आली आणि दोन गोष्टी लगेच दिसल्या. पहिली त्या २४ मुलींची. त्यांचं हिमोग्लोबिन मोजलेलं होतं. आहाराचा फॉर्म अर्धवट राहिला म्हणून ॲनिमियाच्या मोजणीतून त्यांना वगळायचं काहीच कारण नव्हतं. त्यांना परत घेतलं तर ५३६ पैकी ३१२ जणींना ॲनिमिया होता, म्हणजे ५८ टक्केच. आकडा हलला नाही, पण हलला नाही हे आता आपण पाहून सांगत होतो. अपुऱ्या नोंदींचं काय केलं हे स्ट्रोब बाराव्या मुद्द्यात वेगळं विचारते आणि कोणत्या प्रश्नाची किती उत्तरं नव्हती हे चौदाव्यात. लेखात यांपैकी एकही वाक्य नव्हतं, रकान्यात मात्र पान क्रमांक होते.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर होती. ज्यांचं हिमोग्लोबिन आपल्याला माहीतच नाही अशा मुली एकूण १०४. आपण ५८ टक्के म्हणतो तेव्हा या १०४ मुली बाकीच्यांसारख्याच आहेत असं न बोलता गृहीत धरतो. समजा त्या सगळ्यांना ॲनिमिया असता, तर ६४० पैकी ४१६ म्हणजे ६५ टक्के झाले असते. एकीलाही नसता तर ३१२, म्हणजे जेमतेम ४९ टक्के. खरं उत्तर या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे. टोकं खरी निघतील असं नाही, पण वाचकाला ती दिसायला हवीत. नुसत्या ५१२ वरून त्याला ती कधीच काढता आली नसती.

मग प्रश्न आला की त्या ५२ गैरहजर मुली कोण होत्या. आणि इथे पाचवा मुद्दा आठवला, जो सगळे जण डोळे झाकून भरतात: ठिकाण आणि तारखा. लेखात लिहिलं होतं, ‘हा अभ्यास सहा महिन्यांच्या कालावधीत करण्यात आला.’ कोणते सहा महिने ते नव्हतं. वहीत तारखा होत्या, नोव्हेंबरअखेर ते जानेवारी. तालुका ऊसतोड मजुरांचा. दिवाळी झाली की कोयता घेऊन कुटुंबं कारखान्याच्या भागात निघतात आणि गाळप हंगाम संपेपर्यंत तिकडेच असतात. मुली कधी आजीजवळ राहतात, कधी धाकट्या भावंडांना सांभाळायला सोबत जातात. नाव शाळेच्या पटावर, मूल फडावर. गैरहजर मुलींपैकी बऱ्याच जणी ऊसतोडीला गेल्याचं वर्गशिक्षकांनी सांगितलं होतं आणि विद्यार्थिनीने ते वहीच्या समासात लिहूनही ठेवलं होतं. लेखात ते आलं नव्हतं, कारण त्याला ‘रिझल्ट’ म्हणतात हे तिला वाटलं नव्हतं.

ज्या घरांत खाण्याची सगळ्यात जास्त ओढाताण, त्याच घरांतल्या मुली तपासणीच्या दिवशी शाळेत नव्हत्या. तेव्हा खरा आकडा ५८ पेक्षा जास्त असण्याचा संभव अधिक. एकोणिसावा मुद्दा नेमकं हेच मागतो. त्रुटी तर सांगाच, पण त्या त्रुटीने उत्तर कोणत्या बाजूला आणि साधारण किती सरकलं असेल तेही सांगा. ‘नमुना एकाच तालुक्यातला असल्याने मर्यादा आहेत’ हे वाक्य मी शेकडो लेखांत वाचलं आहे. त्यातून वाचकाला काहीच मिळत नाही. ‘हंगामी स्थलांतर केलेल्या मुली सुटल्यामुळे प्रमाण कमी दिसत असावं’ या वाक्यातून तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याला कळतं की पुढची तपासणी जूनमध्ये, पट भरलेला असताना घ्यायची.

आठवा मुद्दा मोजमापाचा आहे. ‘हिमोग्लोबिन प्रमाणित पद्धतीने मोजले’ एवढंच लेखात होतं. प्रमाणित म्हणजे कोणत्या? साहलीच्या नळीत रंग डोळ्यांनी जुळवायचा असतो, त्यामुळे बघणाऱ्यागणिक आकडा बदलू शकतो. हिमोक्यू यंत्रात बोट टोचून घेतलेला थेंब लागतो आणि यंत्र आकडा दाखवतं. प्रयोगशाळेतलं स्वयंचलित यंत्र शिरेतल्या रक्तावर चालतं. वही चाळताना कळलं की पहिल्या चार शाळांत हिमोक्यू वापरलं होतं. मग त्याच्या क्युव्हेट संपल्या, नव्या वेळेत आल्या नाहीत, म्हणून शेवटच्या दोन शाळांत शिरेतून रक्त घेऊन नळ्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पाठवल्या. गोठलेल्या चौदा नळ्या याच दोन शाळांतल्या. बोटातल्या थेंबाचं आणि शिरेतल्या रक्ताचं हिमोग्लोबिन एकाच मुलीतही थोडं वेगळं येऊ शकतं. या वयात १२ ग्रॅमच्या खाली म्हणजे ॲनिमिया. रेषेच्या आसपासच्या मुलींना अर्धा ग्रॅम इकडे किंवा तिकडे एवढाच फरक आजारी किंवा निरोगी ठरवतो. म्हणजे दोन शाळांत ॲनिमिया कमी आढळला हे खाण्यापिण्यामुळे की यंत्रामुळे, हे सांगता येत नाही.

ती घाबरली. ‘‘मॅडम, हे लिहिलं तर पेपर नाकारतील ना?’’

ही भीती मला कळते. पण मी तिला माझीच गोष्ट सांगितली. माझ्या सुरुवातीच्या वर्षांतला एक लेख मी एका जर्नलला पाठवला होता. परीक्षकाने एकच प्रश्न विचारला की संमती किती जणांनी नाकारली. आम्ही ते टिपलंच नव्हतं. घरोघर फिरलो होतो, दार बंद दिसलं की पुढच्या घरी गेलो होतो आणि बंद दारांची मोजणी कुठेही नव्हती. मला ते उत्तर त्या दिवशी देता आलं नाही, नंतरही कधी देता आलं नाही. लेख परत आला आणि तो बरोबरच परत आला असं मला आजही वाटतं. तिच्याकडे वही तरी होती. यंत्र बदललं हे सांगून शाळांच्या दोन गटांचे आकडे वेगवेगळे दिले, तर वाचणारा स्वतः तोलू शकतो. लपवलं तर वाचणाऱ्याला तोलायला काही उरतच नाही.

दहावा मुद्दा म्हणजे नमुना किती मोठा घ्यायचा हे कसं ठरवलं. आमच्याकडे प्रत्येक विद्यार्थ्याला n = 4pq/L² हे सूत्र पाठ असतं. इथे p म्हणजे आजाराचं अपेक्षित प्रमाण, q म्हणजे शंभरातून ते वजा केल्यावर उरलेलं आणि L म्हणजे जेवढी चूक चालेल ती. प्रमाण ५० टक्के आणि चूक ५ टक्के धरली की ४०० येतात. लेखात तेच होतं. पुढच्याच ओळीत ५१२ मुली होत्या. चारशेचे पाचशे बारा कसे झाले यावर एक अक्षर नाही. शिवाय हे सूत्र सुट्या सुट्या माणसांची चिठ्ठी काढून निवड केली असेल तेव्हाचं आहे. हिने सहा शाळा निवडल्या आणि त्यांतल्या सगळ्या मुली घेतल्या. एका शाळेतल्या मुली एकाच गावच्या, एकच माध्यान्ह भोजन खाणाऱ्या आणि एकाच बाईंकडून गोळ्या घेणाऱ्या. त्या एकमेकींसारख्या असतात, त्यामुळे शंभर मुलींकडून शंभर मुलींएवढी नवी माहिती मिळत नाही. तशा वेळी नमुना वाढवावा लागतो आणि हिशेब करतानाही ते धरावं लागतं. बाराव्या मुद्द्यातला एक उपमुद्दा क्रॉस-सेक्शनल अभ्यासाला हेच विचारतो.

विद्यार्थी इथे एक घातक गोष्ट करतात. रकाना रिकामा राहू नये म्हणून ५१२ उत्तर येईल असं गणित मागाहून रचतात. तसं करायचं नसतं. खरं वाक्य साधं होतं: ‘किमान ४०० मुली हव्या होत्या, निवडलेल्या सहा शाळांतल्या सर्व पात्र मुलींना सामील होण्यास विचारले.’ आम्ही ते तसंच लिहिलं.

मग निष्कर्षांतलं सगळ्यात आवडतं वाक्य आलं: ‘लोहाची गोळी नियमित घेणाऱ्या मुलींमध्ये ॲनिमिया लक्षणीयरीत्या कमी होता, p < 0.05.’ सरकारी कार्यक्रमात शाळांतून आठवड्याला एक निळी गोळी देतात, तिच्याबद्दल हे होतं. सोळावा मुद्दा म्हणतो, नुसतं लक्षणीय म्हणू नका, किती ते सांगा आणि त्या ‘किती’बद्दल तुमची खात्री किती तेही सांगा. मोजलं तेव्हा नियमित घेणाऱ्या २०० पैकी १०० जणींना ॲनिमिया होता, म्हणजे ५० टक्के. नियमित न घेणाऱ्या ३१२ पैकी १९७ जणींना, म्हणजे ६३ टक्के. फरक १३ टक्क्यांचा. ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल काढला तर खरा फरक साधारण ४ ते २२ टक्के यांच्या मध्ये कुठेही असू शकतो, आणि शाळांचे गठ्ठे हिशेबात धरले तर ही पट्टी आणखी रुंद होण्याची शक्यता जास्त. ‘लक्षणीय’ या एका शब्दाखाली हे सगळं झाकलं गेलं होतं.

नियमित म्हणजे काय, हा सातव्या आणि अकराव्या मुद्द्याचा प्रश्न. गेल्या चार आठवड्यांत तीन गोळ्या, असं तिने ठरवलं होतं. ते चांगलं होतं, फक्त लिहिलं नव्हतं. विचारलं कुणी, कुणासमोर? वर्गात, बाईंसमोर. बाईंनीच गोळ्या वाटायच्या असतात, तेव्हा त्यांच्यासमोर ‘घेतली नाही’ असं म्हणायला मुलगी धजावेल का? हा नववा मुद्दा, उत्तराला कुठून झोल मिळू शकतो आणि तो टाळायला काय केलं. शिवाय गोळ्या नेमाने वाटणारी शाळा जेवणही नीट देत असेल, पालकसभाही घेत असेल. फरक गोळीचा की शाळेचा? एका वेळच्या चित्रातून ते कळत नाही. म्हणून चर्चेतलं ‘गोळीमुळे ॲनिमिया कमी होतो’ हे वाक्य ‘गोळी नियमित घेत असल्याचं सांगणाऱ्या मुलींत ॲनिमिया कमी आढळला’ असं झालं.

‘मुळे’ हा प्रत्यय लावायचा असेल तर चिठ्ठी टाकून केलेली चाचणी लागते आणि मग कन्सॉर्टची यादी घ्यावी लागते. तिच्यावर सविस्तर लिहायचं तर स्वतंत्र लेख लागेल, पण दोन जागा सांगितल्याच पाहिजेत.

पहिली चिठ्ठीचीच. ‘रुग्णांची दोन गटांत रँडम विभागणी केली’ हे वाक्य प्रत्येक लेखात असतं. कन्सॉर्ट विचारते की क्रम कसा तयार केला, तो कुणापासून आणि कसा लपवला, रुग्ण कुणी घेतला आणि गट कुणी सांगितला. खोदून विचारलं की कधीकधी कळतं, सोमवार-बुधवारच्या ओपीडीतले एका गटात आणि मंगळवार-गुरुवारचे दुसऱ्या. यात चिठ्ठी नाहीच. आज कोणता गट आहे हे डॉक्टरला आधीच माहीत असतं, आणि गंभीर रुग्णाला नकळत ‘उद्या या’ म्हटलं जातं. याने किती फरक पडतो? केनेथ शुल्झ आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये २५० चाचण्या तपासल्या. जिथे चिठ्ठी नीट लपवलेली नव्हती त्या चाचण्यांत उपचाराचा परिणाम सरासरी ४१ टक्क्यांनी फुगलेला दिसला. जिथे ती लपवली की नाही हे लेखावरून कळतच नव्हतं, तिथेही ३० टक्क्यांनी. नंबर घातलेले, आरपार न दिसणारे, बंद लिफाफे ही साधी गोष्ट आहे, पण ते कुणाच्या कपाटात होते हे लेखात यावं लागतं.

दुसरी जागा मुख्य निष्कर्षाची. चाचणी सुरू होण्याआधी आपण नोंदणीत लिहून देतो की मुख्य मोजमाप कोणतं आणि ते कधी घेणार. भारतात ही नोंदणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत २००७ पासून होते. लेख तयार झाल्यावर ती नोंद दुसऱ्या खिडकीत उघडून लेखाशेजारी ठेवायची आणि एकेक ओळ ताडायची. नोंदीत ‘बारा आठवड्यांनंतरची साखर’ आणि लेखात ‘सहा आठवड्यांनंतरची साखर’ असेल, तर का बदललं ते लिहावंच लागेल. यादी भरली म्हणजे हे आपोआप होतं असं मात्र नाही. ऑक्सफर्डमध्ये बेन गोल्डेकर आणि सहकाऱ्यांनी जगातल्या पाच सगळ्यात नावाजलेल्या वैद्यकीय जर्नलांमधल्या ६७ चाचण्या त्यांच्या मूळ नोंदींशी ताडल्या. ५८ चाचण्यांत दुरुस्तीचं पत्र लिहावं लागेल एवढी तफावत निघाली. ही पाचही जर्नलं कन्सॉर्टला पाठिंबा देणारी होती.

म्हणून यादी कशी भरतो याला महत्त्व आहे. माझी पद्धत अशी. छापील यादीत उजवीकडे पान क्रमांकाचा अरुंद रकाना असतो, मी तो रुंद करून घेते. त्यात पान क्रमांक लिहायचा नाही. लेखातलं ते वाक्य जसंच्या तसं उतरवायचं. वाक्य सापडलं नाही की हात थांबतो आणि तिथेच काम सुरू होतं. पहिल्या फेरीत बावीसपैकी सात-आठ ठिकाणी हात थांबणं अगदी नेहमीचं आहे. शेवटी जर्नलला पाठवायच्या प्रतीत परिच्छेदाचा उल्लेख करायचा, कारण परीक्षकांच्या सूचनेनुसार लेख बदलला की पानं सरकतात.

ही फेरी लेखकाने एकट्याने करू नये. ज्याने काम केलं त्याला वाक्य नसलं तरी दिसतं, कारण ते डोक्यात असतं. वर्गातल्या दुसऱ्या विद्यार्थ्याला लेख द्यायचा आणि त्याने वाक्यं शोधायची. प्रत्येक मुद्द्याचा अर्थ कळण्यासाठी दोन्ही याद्यांसोबत एक लांबलचक स्पष्टीकरणाचा लेख असतो. त्यात मुद्द्यामागचं कारण आणि चांगल्या लिखाणाची उदाहरणं दिलेली आहेत. यादी सगळे उतरवून घेतात, तो लेख फार थोडे वाचतात. तो वाचला तर, उदाहरणार्थ, हेही कळतं की सुरुवातीच्या वर्णनाच्या तक्त्यात प्रत्येक ओळीपुढे पी व्हॅल्यू टाकू नये. आमच्याकडच्या प्रबंधांत तो रकाना सर्रास असतो.

जिथे गोष्ट केलीच नव्हती, तिथे ‘लागू नाही’ लिहायचं नाही. पाठपुरावा नसलेल्या अभ्यासात पाठपुराव्याचा मुद्दा लागू नसतो. पण नाकारणाऱ्यांची कारणं विचारली नव्हती, तर तो मुद्दा लागू आहे आणि आपण ते केलं नाही. ‘कारणे नोंदवली नव्हती’ हे तीन शब्दांचं वाक्य लेखात जातं आणि मग तेच रकान्यात येतं.

या याद्या काय करत नाहीत तेही सांगायला हवं. स्ट्रोब तयार करणाऱ्यांनीच स्पष्ट लिहिलं आहे की ही अभ्यासाची गुणवत्ता मोजायची पट्टी नाही. बावीसपैकी बावीस गुण असं काही नसतं. वाईट अभ्यास नीट लिहिला तर तो नीट लिहिलेला वाईट अभ्यासच राहतो, फक्त तो वाईट आहे हे वाचकाला कळतं. नैतिक समितीची मंजुरी हा स्ट्रोबमध्ये मुद्दाच नाही, ती जर्नल वेगळी मागतं. एखाद्याने ठरवून खोटं लिहिलं तर यादी ते पकडू शकत नाही. आणि जी माहिती गोळा करतानाच टिपली गेली नाही, ती पाठवायच्या आदल्या रात्री कुठलीही यादी परत आणून देत नाही. म्हणून आता आमच्या विभागात प्रबंधाचा आराखडा मंजूर होतो त्याच दिवशी स्ट्रोबची प्रत त्या फील्डच्या वहीत पहिल्या पानावर चिकटवतो. तेराव्या मुद्द्यासाठी प्रत्येक गावाला एक पान ठेवलेलं असतं: पटावर किती, भेटले किती, नाही म्हणाले किती आणि का, रक्त किती जणांचं मिळालं.

विद्यार्थिनीचा लेख पंधरा दिवस लांबला. त्या २४ मुली मोजणीत परत आल्या. ६४० पासून ५३६ पर्यंतची उतरंड चौकटी आणि बाण काढून आकृतीत मांडली, आहाराचा हिशेब ५१२ वर केला असं वेगळं सांगितलं. शाळांचे दोन गट वेगळे झाले. शीर्षकात ‘क्रॉस-सेक्शनल अभ्यास’ हे शब्द आले. मर्यादांच्या भागातलं जुनं वाक्य काढून तिने नवीन लिहिलं आणि मला फोनवर वाचून दाखवलं:

‘तपासणी ऊसतोडीच्या हंगामात झाली. पटावरील ६४० पैकी ५२ मुली गैरहजर होत्या आणि त्यांपैकी अनेक जणी कुटुंबासोबत स्थलांतरित झाल्याचे शिक्षकांनी सांगितले. या मुलींचे हिमोग्लोबिन आम्ही मोजू शकलो नाही.’